चौदा सेंटिमीटरचा मामेभाऊ

सुट्टीत मी समुद्रावर गेलो होतो. खरंच गेलो होतो. हे वाक्य गेले दोन दिवस मला इतक्या वेळा म्हणावं लागलंय, की आता माझा मलाच संशय यायला लागलाय.

घडलं ते एवढंच. निघायची घाई, बस सुटायच्या बेतात, आणि माझा दहा वर्षांचा मामेभाऊ मोबाईल धरून उभा. त्यानं एकदाच बटण दाबलं. फोटोत मी छान आलो. गॉगल, वाऱ्यानं उडालेले केस, ओठांवर सहज आल्यासारखं वाटणारं हसू. मागे मात्र पार्किंगमधली पांढरी बस, आणि तिच्या दारात कान कोरत उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ. समुद्र मामेभावाच्या पाठीमागे होता. मी आणि त्यानं जागा बदलल्या असत्या तर सगळंच मिटलं असतं, हे मला खोलीवर परत आल्यावर सुचलं.

म्हणून रात्री बसलो. एक फुकटचा सूर्यास्त उतरवून घेतला, स्वतःला कापून त्यावर चिकटवलं. अंगाचं काही वाटलं नाही, केसांनी मात्र जीव घेतला. केसाच्या कडेचा एकेक ठिपका अर्धा केस असतो आणि अर्धा त्यामागे जे असेल ते. माझ्या मागे पांढरी बस होती. त्यामुळे नारिंगी आकाशासमोर डोक्याभोवती पांढरी रेघ उमटली आणि मी कॅलेंडरवरच्या संतासारखा दिसायला लागलो. कड एक-दोन ठिपके आत ओढायची आणि उरलेल्या पांढऱ्यावर केसांचाच रंग फिरवायचा, असा त्यावर उपाय आहे. मी चिडून चार ठिपके आत ओढली. प्रभावळ गेली, सोबत डाव्या कानाची पाळीही गेली. रात्रीचे अडीच वाजले होते. कान काय, लोक बघतात थोडेच.

लोक बघत नाहीत, हे खरं. वकील बघतो.

वकील हा माझा मित्र. शिकतो तो स्थापत्य, पण पहिल्या वर्षापासून त्याला सगळे वकीलच म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीत आला, माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि खिशातून पट्टी काढली. स्टीलची. मित्राच्या सुट्टीच्या फोटोला कुणी पट्टी लावतं का?

"फोटो कुणी काढला?"

"मामेभावानं."

"उभ्यानं?"

"नाही, शीर्षासन करून. उभ्यानंच रे."

"मोबाईल जमिनीपासून किती उंच असेल?"

"छातीशी धरला होता. असेल एकशेदहा सेंटिमीटर."

त्यानं माझ्या टाचेपासून टाळूपर्यंत पट्टी लावली. पडद्यावर मी बारा सेंटिमीटर भरलो. एरवी एकशेसत्तर आहे. मग तो शिकवणीच्या सुरात म्हणाला, "सपाट जागी समुद्राचं क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. कॅमेरा एकशेदहावर, तर ती रेघ तुझ्याही अंगावर एकशेदहालाच कापायला हवी. म्हणजे पडद्यावर पावणेआठ सेंटिमीटरला, कमरेच्या जरा वर. तुझं क्षितिज कुठंय बघ."

बघितलं. घोट्यापाशी. पट्टीवर बरोबर एक सेंटिमीटर.

"एकशेसत्तर भागिले बारा. कॅमेरा चौदा सेंटिमीटरवर होता. तुझा मामेभाऊ वाळूत पुरला होता का?"

मी म्हटलं, मी वाळूच्या ढिगावर उभा होतो. म्हणजे मी उंच, तो खाली. उत्तर मला तरी बिनतोड वाटलं. वकिलानं चित्र मोठं केलं आणि माझ्या बुटांवर बोट ठेवलं. "मग बुटांच्या नाड्या वरून कशा दिसतायत? खालून काढला असता तर बुटांची पुढची टोकं दिसली असती, नाड्यांची गाठ नाही."

मी गप्प बसलो. तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरचं पांघरूण हललं. माझा रूममेट, जो परीक्षेच्या दिवशीही हाका मारून उठत नाही, तोंड बाहेर काढून म्हणाला, "आणि सूर्य मागे आहे तर सावली पुढे नको का पडायला?" एवढं बोलून तो परत झोपला.

सावलीला मी रात्री पाऊण तास दिला होता. स्वतःचीच प्रत काळी केली, उलटी केली, आडवी पाडली, कडा धूसर केल्या. सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. फक्त ती मागे पाडली, सूर्याच्या दिशेनं. जगात सूर्याकडे सावली टाकणारा मी पहिलाच.

तोंडावरचा उजेड भर दुपारचा आणि मागे संध्याकाळ, हा मुद्दा वकिलानं फारसा ताणला नाही. "पूर्ण फोटोवर नारिंगी रंग फिरवलायस, म्हणून कावीळ झाल्यासारखा दिसतोस," इतकंच म्हणाला. ही त्याची दया.

मला राग कशाचा येतो ते सांगतो. फोन स्वतःहून आपली कातडी गुळगुळीत करतो, रात्रीचं आकाश उजळवतो, मागचं धूसर करताना चष्म्याची एक काडी गिळून टाकतो. त्याला कोण पट्टी लावतं? याच वकिलाच्या प्रोफाइलवरच्या फोटोत त्याच्या नाकावरचा मुरूम नाहीये. मुरूम मी रोज बघतो, तो आहे. तेव्हा आपण 'मस्त फोटो' म्हणालोच ना? पण मी सोयीसाठी एक बस हलवली की लगेच खटला. मी काही खोट्या ठिकाणी गेलो नव्हतो. समुद्र होता, मी होतो. मधे फक्त एक मामेभाऊ चुकीच्या बाजूला होता.

हे सगळं मी त्याला बोलूनही दाखवलं. मुरमासकट. तो ऐकत नव्हता. तो गॉगलमध्ये शिरला होता.

"थांब," तो म्हणाला. चित्र इतकं मोठं केलं की माझी डावी काच अख्ख्या पडद्यावर पसरली. काचेत एक बुटकी आकृती मोबाईल धरून उभी होती. तिच्यामागे पांढुरकी वाळू, त्यापलीकडे निळी पट्टी, पट्टीवर फेसाची रेघ.

"हा बघ समुद्र!" मी ओरडलो. "खरा! आता बोल!"

वकिलानं काचेतल्या समुद्राकडे पाहिलं. मग मागच्या सूर्यास्ताकडे. मग माझ्याकडे, हळू, कीव आल्यासारखं.

"पाठीमागेही समुद्र, पुढेही समुद्र. बेटावर गेला होतास का?"

त्या फोटोतली खरी गोष्ट तेवढी एकच होती, आणि मी पकडला गेलो तो तिच्यामुळे.

शेवटी मी हार मानून मूळ फोटो उघडला. बस, पार्किंग, कान कोरणारे गृहस्थ, सगळं. पायाखाली दुपारची आखूड, प्रामाणिक सावली. वकिलानं पट्टी खिशात ठेवली आणि बराच वेळ बघत राहिला.

"यात तर समुद्रच नाही," तो म्हणाला.

"गॉगलमध्ये बघ."

त्यानं गॉगल मोठा केला. पट्टी परत बाहेर काढली.

"हा तू नंतर टाकलायस."