अकरा दिवस मी चुकीचा नंबर टाकत होतो

सकाळी चहाच्या आधी मेडिक्लेमचं ॲप उघडायचं, नंबर टाकायचा आणि वाचायचं: Under Process. अकरा दिवस हेच चाललंय. आज कळलं की तो नंबरच चुकीचा होता.

आईला डेंग्यू झाला, पाचपाखाडीतल्या हॉस्पिटलात चार दिवस ठेवली. काउंटरवर ऐटीत ई-कार्ड दाखवलं. तिथली मुलगी म्हणाली, "सर, ही पॉलिसी संपलीय." अहो, जूनमध्येच रिन्यू केलीय, पैसे कापलेत! पण फोनमध्ये होती गेल्या वर्षी उतरवून ठेवलेली पीडीएफ, तिच्यावर जुना पॉलिसी नंबर. ॲपमध्ये नवं कार्ड उघडेना. गेलं कॅशलेस. ६८,४०० रुपये क्रेडिट कार्डावर मारले.

मग ते पैसे परत मिळवायला ॲपवर कागद चढवायचे. एका फाइलला ५ एमबीची मर्यादा, आणि फायनल बिलच अकरा पानांचं. फोनवर काढलेला एकेक फोटो तीन-चार एमबीचा. रात्री दोनपर्यंत फाइली बारीक करत बसलो. शेवटी एकदाचं 'सबमिटेड' आलं, खाली एक नंबर. मी लगेच डायरीत लिहून घेतला, हुशार ना!

तो होता इंटिमेशन नंबर. म्हणजे 'पेशंट भरती झालाय' एवढी वर्दी दिल्याची पोच. कागद तपासणीला गेले की क्लेम नंबर वेगळा पडतो, आणि तो एसएमएसने येतो. माझा आला होता, लोनच्या आणि सेलच्या मेसेजांखाली गाडला गेलेला. विमा कंपनीने काढलेली क्वेरी फक्त त्याच नंबराखाली दिसते. इंटिमेशन नंबर टाकलात तर जन्मभर Under Process.

क्वेरी काय, तर फायनल बिलातले औषधांचे आकडे वाचता येत नाहीत. का येत नाहीत? तुमच्या ५ एमबीत बसवायला मीच फाइल दाबून दाबून बारीक केली म्हणून! दुसरी क्वेरी: कार्डाची स्लिप चालणार नाही, हॉस्पिटलची पावती नंबर असलेली पैसे मिळाल्याची पावती हवी. हे रास्त आहे, मान्य. पण मग अपलोडच्या वेळीच विचारा ना.

उत्तर द्यायचं म्हणून मी बिलाची पानं पुन्हा नीट स्कॅन करून 'अपलोड डॉक्युमेंट्स'मधून चढवली. अर्ध्या तासात मेसेज: तुमचा क्लेम नाकारण्यात आला आहे. छातीत धस्स झालं. फोन केला तर पलीकडचा शांतपणे म्हणतो, "सर, तिथून टाकलं की नवा क्लेम तयार होतो. एकाच ॲडमिशनचा दुसरा क्लेम म्हणून तो रिजेक्ट झाला. क्वेरीचं उत्तर मूळ क्लेम उघडून, 'क्वेरी'च्या टॅबमधूनच द्यायचं असतं." हे त्या स्क्रीनवर एका ओळीत लिहायला किती एमबी लागतात हो?

"मग मूळ क्लेम?"

"तो तुमच्या उत्तरासाठी पेंडिंग आहे, सर."

आता पावतीसाठी परत पाचपाखाडी. बिलिंगवाल्यांनी सांगितलंय, चारनंतर या. म्हणजे आजही हाफ डे.