घडांची वजनं आणि व्हॉट्सॲपवरचा मध्यक

"संचित वारंवारता वक्राची सोपी ट्रिक, सगळ्या ग्रुपवर पाठवा. १) बिंदू नेहमी वर्गाच्या मधोमध मांडा. २) वक्र (०,०) पासून सुरू करा. ३) आडव्या अक्षाच्या मधोमध जे येईल तोच मध्यक. ४) नव्वदावा शततमक म्हणजे नव्वद टक्के, जास्त डोकं लावू नका. ५) 'पेक्षा जास्त'चा दुसरा वक्र काढू नका, वेळ वाया जातो."

हा मेसेज मला तीनदा आला. पहिल्या दोन वेळा मी सोडून दिला. तिसऱ्यांदा तो तासगावहून आमच्या दाजींनी पाठवला आणि खाली लिहिलं, "अकरावीच्या पोरीला उपयोगी पडंल, बघा जरा." मी बघेपर्यंत पोरीनं तो वहीत उतरवून त्याबरहुकूम आलेखही काढला होता. तोही घरच्या द्राक्षबागेच्या आकड्यांवर. तेव्हा मात्र राहवलं नाही.

भाची कॉमर्सला आहे. प्रकल्पासाठी तिनं बागेतले ८० घड काट्यावर ठेवून एकेकाचं वजन लिहून घेतलं होतं. त्याचा तक्ता असा:

| वजन (ग्रॅम) | घड | संचित वारंवारता |
|---|---|---|
| १००–२०० | ६ | ६ |
| २००–३०० | १४ | २० |
| ३००–४०० | २४ | ४४ |
| ४००–५०० | २० | ६४ |
| ५००–६०० | १० | ७४ |
| ६००–७०० | ६ | ८० |

आता पहिला मुद्दा, कारण खरा घोळ तिथेच आहे. शेवटच्या रकान्यातला ४४ हा आकडा काय सांगतो? ४०० ग्रॅमपर्यंतचे घड मोजले तर ते ४४ भरतात. म्हणजे तो बिंदू ४०० वरच मांडायचा, वर्गाच्या वरच्या मर्यादेवर. ३५० वर मांडला तर आपण असं म्हणतोय की ३५० ग्रॅमपर्यंतच ४४ घड संपले. पण ३५० ते ४०० मधले घड तर अजून मोजायचेच आहेत! संचित वक्र प्रत्येक ठिकाणी एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: इथपर्यंत किती? वर्ग संपल्याशिवाय त्या वर्गाची बेरीज पुरी होत नाही.

मधोमध बिंदू मांडायची सवय कुठून आली तेही दिसतं. वारंवारता बहुभुज काढताना बिंदू वर्गमध्यावरच मांडतात आणि तिथे ते बरोबरच आहे, कारण तिथे प्रत्येक वर्गाची फक्त स्वतःची वारंवारता दाखवायची असते. ट्रिक लिहिणाऱ्यानं एका आलेखाचा नियम उचलून दुसऱ्याला चिकटवला, एवढंच.

यानं बिघडतं काय? सगळा वक्र अर्ध्या वर्गाइतका डावीकडे सरकतो. इथे वर्ग १०० ग्रॅमचा, म्हणजे सरकला ५० ग्रॅम. योग्य वक्रावर उभ्या अक्षावरच्या ४० पासून (८० चा निम्मा) आडवी रेघ वक्रापर्यंत न्यायची आणि तिथून खाली सोडायची. ती ३८३ च्या आसपास उतरते. गणितानंही तेच येतं: ३०० पर्यंत २० घड झाले, अजून २० हवेत, पुढच्या वर्गात २४ आहेत, २४ पैकी २० म्हणजे १०० ग्रॅममधले ८३. भाचीच्या आलेखावर मात्र रेघ ३३३ ला उतरली होती.

"मामा, पन्नास ग्रॅमनं काय होतंय?" असं ती म्हणाली. मी तिला तिचीच वही उघडायला लावली. म्हटलं, ३३३ किंवा त्यापेक्षा हलके घड मोज. ते २९ निघाले. उरलेले ५१ त्याहून जड. निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे व्हायला हवेत त्याला मध्यक म्हणतात ना? मग २९ आणि ५१ हा कसला निम्मेपणा? ती गप्प झाली, आणि खोडरबर शोधायला लागली.

पाचवा मुद्दा इथेच घेतो, कारण त्याचा संबंध याच चुकीशी आहे. नाइलाजानं कबूल करतो की यात अर्धं खरं आहे. मध्यक वाचायला एक वक्र पुरतो. 'पेक्षा जास्त'चा वक्र म्हणजे पहिलाच, 'पेक्षा कमी'चा वक्र उलटा केलेला: इथून पुढे किती? त्यातून नवीन माहिती शून्य मिळते. पण त्याचा एक उपयोग आहे जो ट्रिकवाल्याला माहीतच नाही. 'पेक्षा कमी'चे बिंदू वरच्या मर्यादेवर आणि 'पेक्षा जास्त'चे खालच्या मर्यादेवर मांडले, तर दोन्ही वक्र बरोबर ४० च्या उंचीवर एकमेकांना छेदतात. छेदायलाच हवेत, कारण तिथे जितके खाली तितकेच वर असतात. आता हेच दोन्ही वक्र वर्गमध्यावर मांडून बघा. एक डावीकडे सरकतो, दुसरा उजवीकडे, आणि छेदनबिंदू सुमारे ५१ च्या उंचीवर जातो. गंमत म्हणजे तो बिंदू ३८६ ग्रॅमच्या वर येतो, खऱ्या मध्यकाच्या अगदी जवळ. म्हणून नुसता खालचा आकडा बघितला तर चूक लक्षातही येणार नाही. उंची बघायची. ती एकूण संख्येच्या निम्मी नसेल तर बिंदू मांडताना कुठेतरी गडबड झालीये. दुसरा वक्र काढायला पाच मिनिटं लागतात, पण पहिला चुकला असेल तर तो लगेच पकडून देतो.

दुसरा मुद्दा, (०,०) चा. बागेतला सगळ्यात हलका वर्ग १०० पासून सुरू होतो, मग वक्रही (१००, ०) पासूनच सुरू व्हायला हवा. मूळबिंदूपासून काढला तर ५० ग्रॅमच्या आतही घड आहेत असं दिसतं. मध्यकावर याचा काही परिणाम होत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते. पण पाचवा शततमक काढा, म्हणजे ८० च्या ५ टक्क्यांवर, चौथ्या घडाशी वाचा: योग्य वक्रावर १६७ येतो आणि (०,०) पासून काढलेल्यावर १३३.

तिसरा मुद्दा इतका बाळबोध आहे की त्यावर शाई घालवायची इच्छा नाही. आडव्या अक्षाची मधली जागा ४००. तिथपर्यंत ४४ घड येतात, ४० नव्हे. उद्या एखादा दोन किलोचा घड सापडला तर अक्ष लांबेल आणि त्याची मधली जागा हजाराच्या पुढे सरकेल. मध्यक मात्र जागचा फारसा हलणार नाही. निम्मं करायचं ते उभ्या अक्षावरच्या संख्येचं.

चौथ्या मुद्द्याचा, शततमक म्हणजेच पर्सेंटाइलचा, मला सगळ्यात राग आहे. बाकीच्यांनी फार तर परीक्षेतले दोन-चार गुण जातात, यानं घरात भांडणं होतात. दाजींच्या थोरल्याला सीईटीत ७२ पर्सेंटाइल पडले तेव्हा दाजी गावभर "बहात्तर टक्के" सांगत फिरले, आणि कॉलेज मिळायची वेळ आली तेव्हा पोराला म्हणाले, "बहात्तर टक्के असून मिळंना कसं? काय लपवतोयस?" पोरानं काही लपवलं नव्हतं. त्याच्या सत्रातले शंभरातले सुमारे २८ जण त्याच्या पुढे होते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. गुण किती पडले ते त्यात नसतंच.

माझ्यावर विश्वास नसेल तर जेईई मेन घेणाऱ्या एनटीएचं सूत्र बघा, ते उघड छापलेलं असतं: त्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण असलेल्या उमेदवारांची संख्या, भागिले त्या सत्रात बसलेले एकूण उमेदवार, गुणिले १००. "इतके किंवा कमी" हे शब्द नीट वाचा. हीच ती "इथपर्यंत किती?" ची मोजणी, आपल्या वक्राचा उभा अक्ष, फक्त शंभराच्या मापात. म्हणूनच सत्रातल्या पहिल्या उमेदवाराला १०० पर्सेंटाइल मिळतात, मग त्याचे पैकीच्या पैकी गुण असोत वा नसोत.

घडांवर बघा. नव्वदावा शततमक हवा तर ८० चे ९० टक्के, म्हणजे ७२. उभ्या अक्षावरच्या ७२ पासून आडवं जायचं आणि खाली उतरायचं: ५८० ग्रॅम. म्हणजे ७२ घड ५८० पर्यंतचे आणि ८ त्याहून जड. ट्रिकनुसार सगळ्यात मोठ्या ७०० चे ९० टक्के काढले तर येतात ६३०, आणि त्याच्या वर वक्राप्रमाणे जेमतेम चार घड उरतात. टक्के काढायचे ते घडांच्या संख्येचे. वजन त्यानंतर वक्र सांगतो. पंचविसावा आणि पंचाहत्तरावाही असाच निघतो: २० वरून ३०० आणि ६० वरून ४८०. मधले निम्मे घड या दोन वजनांमध्ये आहेत.

एक गोष्ट मात्र वक्राच्या बाजूनं बोलताना मलाही सांगायला हवी. ३८३ हे वाचन एका गृहीतावर उभं आहे: ३०० ते ४०० मधले २४ घड त्या पट्ट्यात सारखे पसरलेत. वर्ग केले की प्रत्येकाचं वजन हरवतं, उरते ती संख्या. शिवाय आलेखकागदावर १०० ग्रॅमला १ सेंटिमीटर घेतलं तर १ मिलिमीटर म्हणजे १० ग्रॅम, आणि पेन्सिलीची रेघच अर्ध्या मिलिमीटरची. तेव्हा आलेखावरून वाचून कुणी ३८३.३३ लिहिलं तर ते आलेखावरून आलेलं नाही, सूत्रातून आणून चिकटवलेलं आहे. "सुमारे ३८०" लिहावं.

भाचीकडं मूळ वही होती म्हणून आम्ही पडताळलंच. ८० वजनं चढत्या क्रमानं लावली, चाळिसावा घड ३७६ चा आणि एक्केचाळिसावा ३८० चा निघाला. सरासरी ३७८. दाजी शेजारीच बसले होते. म्हणाले, "मग ते वर्ग-फिर्ग कशाला केले, सरळ ओळीनं लावायचे की." ८० घडांना तसं चालतं. म्हटलं, सगळ्या बागेतले ओळीनं लावून दाखवा, आलेख मी फाडून टाकतो.