दिवसाला दोन रुपये बेचाळीस पैसे

कोटेशन १,११,००० रुपयांचं होतं. शोरूमच्या लेटरहेडवर, सेल्समनच्या सहीचं, 'ऑन-रोड' या शब्दाखाली दोन ठळक रेघा मारलेलं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी हातात पडलेलं बिल १,१९,८५० चं. मधल्या काळात ना बजेट आलं, ना कंपनीनं भाव वाढवला. एकशेपंचवीस सीसीच्या त्या मोटारसायकलची एक्स-शोरूम किंमत दोन्ही कागदांवर तीच होती, ९२,०००. तिच्या खालचं सगळं मात्र बाळसं धरून आलं होतं.

शोरूम मुंबई-आग्रा हायवेलगत. आत झेंडूच्या माळा, बाहेर नंबर नसलेल्या गाड्यांची रांग, आणि अख्ख्या नाशिकला उद्या सकाळी एकाच मुहूर्तावर डिलिव्हरी हवी असल्यासारखी गर्दी. बिलिंग काउंटरवरच्या मुलीचा आवाज दुपारीच बसला असावा. माझे दोन्ही कागद मी तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"सर, ते कोटेशन आहे, हे बिल आहे," ती म्हणाली.

वाद घालायला काही उरलंच नाही. तरी मी आरटीओच्या रकमेवर बोट ठेवलं. तिथे अकरा हजार होते, इथे बारा हजार चारशे.

"सर, आरटीओचे रेट बदलत असतात."

मी घरून थोडा अभ्यास करून गेलो होतो, म्हणजे चौकशीपेक्षा भांडणाचीच तयारी जास्त. महाराष्ट्रात ९९ ते २९९ सीसीच्या दुचाकीला एकरकमी कर ११ टक्के. ९२,००० चे अकरा टक्के म्हणजे १०,१२०. नोंदणीचे ३००, स्मार्ट कार्डाचे २००, आणि वर किरकोळ काही. अकरा हजारांच्या आत सगळं आटोपतं. किंमत तीच, टक्का तोच, मग हे वरचे चौदाशे कुठून उगवले?

"ते आपलं आरटीओचं बाहेरचं काम असतं ना सर, त्याचे."

नवीन दुचाकीची नोंदणी डीलर इथेच बसून 'वाहन'च्या पोर्टलवर करतो. गाडी पेठ रोडच्या आरटीओ कचेरीत कुणी नेतही नाही. मग बाहेरचं काम म्हणजे नक्की कशाच्या बाहेरचं, हे मी विचारणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाऊ, गाडी किती वर्षं वापरणार?"

मागच्या खुर्चीवर एक काका बसले होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारा झेंडूचा हार. नातवाची गाडी घ्यायला आले होते. नातू कुठेतरी फोनवर होता आणि काकांना करमत नव्हतं.

"दहा वर्षं तरी," मी म्हणालो.

"दहा वर्षं म्हणजे तीन हजार सहाशे पन्नास दिवस. चौदाशेला भागा." त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. "अडतीस पैसे. दिवसाला अडतीस पैशांसाठी तुम्ही या पोरीला छळताय."

पोरीनं काकांकडे असं पाहिलं की कुलदैवतच शोरूममध्ये प्रकटलं असावं.

काका नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले होते. हे त्यांनी पुढच्या मिनिटाभरात सांगितलं आणि मला सगळा उलगडा झाला. ज्या माणसानं आयुष्यभर नोटांचे तावच्या ताव मोजले, त्याला आठ हजार म्हणजे एका तावाचा कोपराच वाटणार. पगार त्यांनाही मोजूनच मिळाला असेल म्हणा, पण तो विचार मला घरी आल्यावर सुचला.

मी विम्याकडे वळलो. कोटेशनमध्ये ६,२००, बिलात ९,१००. इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण फुगवायला सगळ्यात सोयीची जागा हीच. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकार ठरवतं. ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ४,५४४. कुठल्याही कंपनीकडे जा, हा आकडा हलत नाही. हलतो तो उरलेला भाग, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वर्षभराचा विमा आणि त्यावर चढवलेले दागिने. माझ्या पॉलिसीत घसारा न कापणारं झीरो डेप होतं, ऑइल-नटबोल्टांचा खर्च देणारं कन्झ्युमेबल होतं, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत होती आणि मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमाही होता. हा शेवटचा माझ्या जुन्या स्कूटरच्या पॉलिसीत आधीपासून आहे, आणि एका माणसाला तो एकदा असला की पुरतो. दोन गाड्या असल्या तरी मी दोनदा मरणार नाही.

"असं बोलू नये शुभ कामात," काका म्हणाले.

विमा मी बाहेरून काढतो असं सांगितल्यावर काउंटरवरचं वातावरणच पालटलं. मुलगी आत गेली आणि टाय लावलेला एक माणूस बाहेर आला. बाहेरचा विमा असेल तर कॅशलेस होणार नाही, तो म्हणाला. कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर चालतं, पॉलिसी कुणाच्या काउंटरवर फाडली यावर नाही. मी एका कंपनीचं नाव घेतलं. ती तुमच्या यादीत आहे का? होती. त्यांच्याच भिंतीवर बोर्ड होता, टायवाल्याच्या डोक्याच्या बरोबर मागे. त्यानं वळून बोर्ड वाचला, जणू आज सकाळीच कुणीतरी लावून गेलं होतं. मग म्हणाला, "ठीक आहे सर, पण मग डिलिव्हरी उद्या होणार नाही."

यालाच मी घाबरत होतो. दसरा हा साडेतीन मुहूर्तांतला एक पूर्ण मुहूर्त आणि शोरूमवाल्यांचा तर अख्खा हंगाम. गिऱ्हाइकाच्या घरी रांगोळीची तयारी झालेली, सासुरवाडीचे लोक यायचे, नवश्या गणपतीला जायचं ठरलेलं. अशा माणसाला शेवटच्या संध्याकाळी खरं बिल दाखवलं की तो फार तर चिडतो, उठून जात नाही. हे अपघातानं घडत नाही, भाऊ. कोटेशन महिनाभर आधी मिळतं आणि बिल आदल्या रात्री, यात सगळं आलं.

"दोन हजार नऊशे," काकांनी पुन्हा डोळे मिटले. "एकोणऐंशी पैसे."

"काका, तुम्ही सगळे पैसे वेगवेगळे भागू नका, एकदम तरी भागा."

त्यांनी हे मनावर घेतलं. माझ्या हातातून बिल घेतलं, खिशातलं एक पेन काढलं आणि बिलाच्या पाठीमागे शाळेतल्यासारखा लांब भागाकार मांडला. आठ हजार आठशे पन्नास भागिले तीन हजार सहाशे पन्नास. उत्तराखाली दोन रेघा. "दोन रुपये बेचाळीस पैसे. अहो, एवढ्यात अर्धा कटिंगसुद्धा येत नाही!" आजूबाजूचे तिघेचौघे हसले. एक बाई माझ्याकडे बघून नवऱ्याला म्हणाल्या, "असतात काही लोक." त्यांच्याही हातात बिल होतं. मला ते बघायची फार इच्छा झाली.

आता अ‍ॅक्सेसरीज. कोटेशनमध्ये १,८०० रुपये 'ऐच्छिक'. बिलात ४,८५० चं 'किट', आणि ऐच्छिक हा शब्द गायब. किट सुटं होत नाही. टाकीचं पॅड, सीट कव्हर, मडफ्लॅप, शिवाय साडी गार्ड, मागच्या माणसाला धरायची दांडी आणि एक हेल्मेट.

या शेवटच्या तिघांवर मी अडून बसलो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात लिहिलंय की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पकड, पाय ठेवायची जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं संरक्षण असायलाच हवं. म्हणजे ज्याला हे किटमधला साडी गार्ड म्हणतात, तो नसेल तर ती गाडी नियमात बसतच नाही. आणि १३८ व्या नियमाप्रमाणे दुचाकी विकताना कंपनीनं आयएसआयचं हेल्मेट द्यायचं असतं. जे गाडीसोबत यायलाच हवं, ते गाडीवरून उतरवायचं आणि मलाच वेगळं विकायचं!

"सर, साडी गार्ड कंपल्सरी आहे," टायवाला म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

"म्हणून तर किटमध्ये टाकलाय."

यावर मला काही सुचेना. काकांना सुचलं. "वहिनी साडी नेसतात ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गाडीवर नाही. "मग लग्नाकार्याला?" मी म्हटलं, रिक्षानं जाते. "म्हणजे आता गार्ड लागला की रिक्षाचे वाचले!" आणि ते खरोखर भागाकाराला बसले, द्वारका चौकापासून गंगापूर रोडपर्यंत रिक्षाला किती, असं टायवाल्याला विचारत.

शेवटी राहिले हँडलिंगचे १,५००. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. मग हँडल काय केलं? "गोडाऊनमधून इथपर्यंत आणतो ना सर." गोडाऊन शोरूमच्या मागे आहे. मधे एक भिंत. भिंत ओलांडायचे दीड हजार. "ते सिस्टिममध्ये फिक्स आहे," असं म्हणून त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला, आणि तो आकडा तिथे खरंच होता, राखाडी चौकटीत, कुणालाच बदलता न येणारा.

रात्री साडेआठपर्यंत घासाघीस चालली. अपघात विमा आणि कन्झ्युमेबल उडाले. साडी गार्ड, दांडी आणि हेल्मेट गाडीसोबत आले. पॅड आणि कव्हर मी घेतलं नाही. हँडलिंगचे दीड हजार भरले, आणि अजूनही रागच येतो. आरटीओच्या चौदाशेंवर मी सरकारी पावती मागितली. ती आरसी आल्यावर मिळेल, फरक असला तर परत करू, असं टायवाल्यानं सांगितलं. मी ते बिलावरच लिहून घेतलं आणि सही मागितली. सही करताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

बाहेर आलो तर शोरूमच्या फाटकाशी नारळवाल्याच्या गाडीपुढे काका. "चाळीसचा नारळ पन्नासला? दसरा आला म्हणून लुटताय?" आवाज हायवेच्या पलीकडे जात होता. नातू हेल्मेट घालून खाली मान घालून उभा. नारळवाला पंचेचाळीसवर आला होता, काका ऐकेनात. "हलवून दाखव. पाणी कुठंय यात?"

मी जवळ गेलो. "काका, दिवसाला किती पडतात बघा ना."

"नारळ काय दहा वर्षं वापरणार आहे का?" ते खेकसले. हिशोब बरोबर होता.

सरकारी पावती मिळाली. अकरा हजारांच्या आतच होती, दहाचा आकडा धरूनच. ती आणि सही केलेलं बिल घेऊन शोरूमला गेलो, तर टायवाला दुसऱ्या शाखेत बदलून गेलेला. नवीन माणसानं दोन्ही कागद नीट बघितले, बिल उलटं केलं आणि मागचा भागाकार वाचत विचारलं, "सर, हे दोन बेचाळीस कशाचे लावलेत?"