उपाशीपोटीची ११० अन तीन महिन्यांची ८.४, खोटं कोण बोलते?

गावच्या ग्रुपवर फिरत असलेला मेसेज जसाच्या तसा: "उपाशीपोटी शुगर ११० आली का शुगर कंट्रोलमध्ये. तीन महिन्यांची टेस्ट म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा. एकाच माणसाची उपाशी ११० अन तीन महिन्यांची ८.४ येते म्हणजे टेस्टच खोटी. घरच्या मशीनवर विश्वास ठेवा, पैसे वाचवा."

राजेहो, मी तालुक्याच्या ठिकाणी लॅबमध्ये रक्तच काढतो, म्हणजे धंद्याचा टोमणा माझ्यावरच आहे, तरी लिहितो.

आधी उपाशीपोटीचं. हा आकडा सकाळच्या त्या घटकेचा असते, बस. रात्रभर आपण काही खात नाही तेव्हा लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते, अन मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः तिथंच आवर घालते, म्हणून बऱ्याच लोकांची सकाळची शुगर लवकर सुधारते. पण भात खाल्ल्यावर स्वादुपिंडानं झटपट इन्सुलिन सोडायला पाहिजे, ते जर ढिलं पडलं असंल तर जेवणानंतर शुगर चढते अन तासन्तास उतरत नाही, सकाळपर्यंत मात्र खाली येऊन बसलेली असते. त्यात कोणी टेस्टच्या आदल्या रात्री नुसतं ताक पिऊन झोपते, मंग तर विचारूच नका.

आमच्याकडे एक काका आले होते, कास्तकार माणूस. "काहो बापू, सकाळी तर रोज ११२ च्या आसपासच येते, मंग हे ८.४ कुठून काढलं तुम्ही?" म्हटलं काका, एक दिवस चार वेळा मोजा. सकाळी ७ ला ११२. दहाला भाकर अन वरण-भात खाऊन वावरात गेले, दोन तासांनी २३१. संध्याकाळी पाचला, चहाच्या आधी, १६८. रात्री पुन्हा भात, दोन तासांनी २४६. चारही मिळून सरासरी १८९. आता ८.४ वरून सरासरी शुगर काढायची तर ८.४ ला २८.७ नं गुणा अन ४६.७ वजा करा, येते १९४. एका दिवसाचे चार आकडे दरवेळी इतके जुळत नाहीत, पण दोन्ही टेस्ट एकाच माणसाचं बोलत होत्या हे काकांना तिथंच दिसलं. ते सकाळी सोडून कधी मोजतच नव्हते.

ही तीन महिन्यांची टेस्ट, म्हणजे एचबीएवनसी, रक्ताच्या लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती टक्के साखर चिकटली ते सांगते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब येते, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा निम्म्याच्या जवळपास. आदल्या रात्रीच्या ताकानं हा आकडा हलत नाही.

आता जिथं मेसेजवाल्याचं अर्धं खरं आहे ते. टेस्ट फसू शकते, अन आपल्या विदर्भात तर जास्तच, कारण इथं सिकलसेल आहे. सिकलसेलचा आजारच असंल तर लाल पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, अशा माणसात एचबीएवनसीवर भरवसा ठेवताच येत नाही. नुसता वाहक असंल तर मशीन कोणत्या पद्धतीची आहे त्यावर आकडा अवलंबून असते, अन तो खऱ्यापेक्षा थोडा कमीही दिसू शकते. नुकतंच रक्त चढवलं असंल किंवा बरंच रक्त गेलं असंल तरी आकडा गडबडते. उलट बायामाणसांत लोह कमी पडून रक्त कमी असंल तर शुगर तेवढीच असूनही टक्का वर जाऊ शकते, अन तो खरा धरून गोळी वाढवली तर शुगर एकदम खाली येऊन चक्कर, घाम सुरू.

ओळखायचं कसं? काकांसारखं तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी मोजा. दिवसाची सरासरी १९० च्या घरात अन एचबीएवनसी ६.२, तर गडबड रक्तात असू शकते. हिमोग्लोबिन पहा, सिकलसेलची तपासणी झाली नसंल तर करून घ्या, अन डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइनचं विचारा. ती टेस्ट लाल पेशींवर नाही, रक्तातल्या प्रोटीनवर चालते अन मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते.

अन घरच्या मशीनवर विश्वास? ठेवा की, पण हात धुऊन. संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तर बोटावरचा रस रक्तात मिसळते अन मशीन भलताच मोठा आकडा दाखवते. असा आकडा आला तर हात साबणानं धुवा, पुसून कोरडे करा, पुन्हा मोजा, अन दुसरा आकडा वहीत लिहा. पुढं वेळ लिहा अन जेवणाआधीची का नंतरची तेही, नाहीतर वही पाहून डॉक्टरांना काहीच कळत नाही.