एक पार्ट बदलला की पेटंट लागू होत नाही? खुलासा

"पेटंटवाल्या मशीनमधला एक पार्ट बदला, मग कोणी केसच करू शकत नाही."

असं नाही बाप्पा. समजा हिंगण्याच्या एमआयडीसीत एकाकडे संत्र्याची साल काढायच्या मशीनचं पेटंट आहे, क्लेममध्ये, म्हणजे पेटंटमधल्या हक्काची हद्द सांगणाऱ्या वाक्यात, लिहिलंय की पातं स्प्रिंगने फळावर दाबलं जातं, आणि शेजारच्याने स्प्रिंग काढून रबर लावलं. कोर्ट मशीनला मशीन लावून बघत नाही, क्लेमचे शब्द धरतं. रबर तेच काम त्याच पद्धतीने करत असेल आणि स्प्रिंग हा शोधाचा गाभा नसेल, तर उल्लंघन ठरू शकतं.

पण मालकानेही लगेच पेढे वाटू नये. शेजारी उलट दावा करून पेटंट कायद्याच्या कलम 64 खाली पेटंटच रद्द करा म्हणू शकतो, मग केस जिल्हा कोर्टातून हायकोर्टात जाते, आपल्याकडे नागपूर खंडपीठात. खरी गंमत इथं आहे. मालक म्हणाला स्प्रिंग म्हणजे कुठलीही लवचिक वस्तू, आणि अर्जाच्या तारखेआधीचं, बाकी सगळं तसंच असलेलं रबरवालं मशीन सापडलं, तर ते त्याच्याच क्लेममध्ये बसतं आणि नवेपणा जातो. स्प्रिंग म्हणजे स्प्रिंगच म्हटलं तर पेटंट वाचू शकतं, पण शेजारी सुटतो.