केबलींना लेबल लावायला दोन मिनिटं लागतात हो!

प्रत्येक वेळी तेच! रात्री साडेबाराला अख्ख्या मजल्याचं नेटवर्क ठप्प, आणि रॅकसमोर उभा केलेला असतो रात्रपाळीचा नवखा पोरगा. दार उघडलं की निळ्या केबलींचा गुंता, सगळ्या झिप-टायने करकचून आवळलेल्या, आणि एकावरही लेबल नाही.

पोरगं हुशार. स्विचचे सगळे दिवे एका लयीत लखलखताना पाहून त्याने लूप, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहणं, ओळखला. कन्सोल केबल लावली, तर स्क्रीनवर `MACFLAP_NOTIF`: एकाच उपकरणाचा पत्ता कधी `Gi1/0/7` वर, कधी `Gi1/0/31` वर. केबल उपटत न बसता त्याने 31 वर `shutdown` दिलं. मिनिटभरात नेटवर्क परत.

पण ती केबल जाते कुठे? केबलीत सूर सोडून दुसरं टोक शोधणारा टोनर लावायचा तर आधी ती स्विचमधून काढावी लागते, चालू पोर्टवर सूर नीट मिळत नाही. त्यात जुडग्यात शेजारच्या केबलीही गुणगुणतात, म्हणून टाय कापून एकेक सुटी करावी लागली. पाऊण तास गेला. दुसरं टोक निघालं एका टेबलाखाली: आयपी फोनची दोन्ही भोकं कुणीतरी भिंतीतच जोडलेली. वर त्या पोर्टांवर स्पॅनिंग ट्री बंद करून ठेवलेली, नाहीतर स्विचनेच लूप तोडला असता.

अरे, केबल ओढतानाच दोन्ही टोकांना पोर्ट नंबर चिकटवा, टायऐवजी वेल्क्रो वापरा आणि टेबलांच्या पोर्टांवर स्पॅनिंग ट्री चालू ठेवून लूप दिसताच पोर्ट बंद करणारं `bpduguard` लावा!