व्हिडिओत नाही ते डिस्क्रिप्शनमध्ये कशाला?

«मोबाइल फोटोग्राफीचा व्हिडिओ चालत नाही? हे करा. १) टॅगची ५०० अक्षरं पूर्ण भरा, एकही जागा सोडू नका. २) डिस्क्रिप्शनमध्ये बोके, ८५ एमएम, एफ १.४, सॉफ्टबॉक्स, डीएसएलआर सगळं टाका, व्हिडिओत नसलं तरी चालतं. ३) शीर्षक जड ठेवा, प्रो वाटतं. ४) हॅशटॅग जितके जास्त तितके चांगले. ५) अपलोडआधी फाइलचं नाव बदला. नवीन क्रिएटर्सना नक्की पाठवा.»

हा मजकूर माझ्याकडे तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुढे सरकले. चौथ्यांदा तो आला तो भाचीच्या यूट्यूब व्हिडिओखाली, म्हणजे तिने तो अक्षरशः अमलात आणून झाल्यावर. सात मिनिटांचा साधा, चांगला व्हिडिओ: खिडकीजवळ माणसाचा फोटो मोबाइलवर कसा काढायचा. शीर्षक मात्र «सिनेमॅटिक बोके पोर्ट्रेट मास्टरक्लास, ८५ एमएम लुक». खाली डिस्क्रिप्शनमध्ये स्वल्पविरामांनी बांधलेली शब्दांची मोळी. पहिलीच कमेंट होती, «८५ एमएम कुठंय?» आणि तिने मला विचारलं, «मावशी, याला काय उत्तर देऊ?»

उत्तर नाहीच. कारण ८५ एमएम ही मोठ्या कॅमेऱ्याला लावायची पोर्ट्रेटची लेन्स, ती त्या व्हिडिओत नाही आणि तिच्या मोबाइलमध्येही नाही.

दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. साध्या मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ एमएमच्या तोडीची असते. तोडीची म्हणायचं, कारण आतल्या भिंगाचं खरं फोकल लेंग्थ जेमतेम पाच-सात मिलिमीटर असतं. सेन्सर लहान, म्हणून तेवढ्यातही दृश्य रुंद दिसतं. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र, बहुतेक मोबाइलमध्ये कायमचं ठरलेलं असतं, ते आपल्याला कमी-जास्त करता येत नाही. फेरफार करता येणारे मोजके मोबाइल झाले, पण नवशिक्याच्या हातात सहसा ते नसतात. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं जे धूसर होतं, ज्याला बोके म्हणतात, ते मुख्यतः मोबाइल गणित करून धूसर करतो. म्हणून तर केसांच्या कडा किंवा चष्म्याची दांडी अधूनमधून पुसल्यासारखी दिसते.

आता «एफ १.४», म्हणजे खूप मोठं ॲपर्चर, शोधणारा माणूस कोण, याचा विचार करा. त्याच्याकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे, किंवा तो घ्यायच्या विचारात आहे. तो भाचीच्या व्हिडिओवर आला, खिडकी आणि मोबाइल पाहिला, आणि दहा सेकंदांत निघून गेला. हा माणूस फुकटचा व्ह्यू नाही. आपलं सर्च कसं चालतं ते यूट्यूबनेच सांगितलंय: शीर्षक, टॅग, डिस्क्रिप्शन आणि प्रत्यक्ष व्हिडिओ शोधलेल्या शब्दांशी किती जुळतात हे पाहिलं जातं, आणि त्या शब्दांवरून आलेल्या लोकांनी तो व्हिडिओ किती वेळ पाहिला हेही पाहिलं जाऊ शकतं. म्हणजे चुकीच्या शब्दावर बोलावलेला प्रत्येक पाहुणा जाताना तुमच्याविरुद्ध साक्ष देऊन जातो.

आणि हे फक्त निरुपयोगी असतं तर मी एवढी चिडले नसते. यूट्यूबच्या मदत पानावर टॅगच्या माहितीतच स्पष्ट लिहिलंय की डिस्क्रिप्शनमध्ये टॅगची रास ओतणं हे स्पॅम आणि फसवणुकीविरुद्धच्या धोरणात बसत नाही. व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. संदेश लिहिणाऱ्याचं काय जातंय? जाईल तो नवशिक्याचा पहिलावहिला व्हिडिओ.

मग काय लिहायचं? आम्ही दोघींनी बसून आधी व्हिडिओत खरोखर काय आहे ते कागदावर काढलं. माणूस खिडकीकडे पाठ करून उभा, चेहरा काळा. मग त्याला वळवून खिडकी एका बाजूला घेतली, साधारण पंचेचाळीस अंशांत. दुसऱ्या बाजूच्या गालावर सावली जड पडली, म्हणून तिथे पांढरा पुठ्ठा धरला. चेहऱ्यावर बोट टेकवून शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढलं, म्हणजे कपाळावरचा उजेड फाटला नाही. ग्रिड चालू करून डोळे वरच्या आडव्या रेषेवर आणले. शेवटी दोन पावलं मागे येऊन दुप्पट झूम, कारण जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसत होतं.

या प्रत्येक कृतीला दोन नावं आहेत. एक ज्याला येतं तो वापरतो ते: बॅकलाइट, रिफ्लेक्टर, एक्स्पोजर, रूल ऑफ थर्ड्स, डिस्टॉर्शन. दुसरं ज्याला येत नाही तो सर्चमध्ये टाइप करतो ते: «चेहरा काळा येतो», «फोटो पांढरा पडतो», «नाक मोठं दिसतं». नवशिक्याला बॅकलाइट हा शब्द माहीत असता तर निम्मा प्रश्न सुटलाच असता. म्हणून तक्रारीचा शब्द आधी, तांत्रिक शब्द त्याच वाक्यात नंतर. (नाकाचा दोष लोक लेन्सवर टाकतात. खरं तर तो अंतराचा आहे: कॅमेरा अगदी जवळ असला की नाक कानांच्या मानाने फारच जवळ येतं. तरीही शोधताना लोक «लेन्स» म्हणत असतील तर तो शब्द लिहावा आणि व्हिडिओत खरं कारण सांगावं.)

शीर्षक झालं: «खिडकीसमोर फोटोत चेहरा काळा येतो? मोबाइलवर बॅकलाइट असा सांभाळा». मर्यादा १०० अक्षरांची आहे, हे ६१ मध्ये बसलं. देवनागरीत मोजताना सांभाळा, काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळं अक्षर धरलं जातं; «खिडकी» तीन नाही, पाच. शिवाय मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच तुटतं, त्यामुळे खिडकी आणि काळा चेहरा पहिल्या काही शब्दांतच यायला हवेत. तिसऱ्या मुद्द्याचा निकाल इथेच लागला.

डिस्क्रिप्शनला ५००० अक्षरांची मुभा आहे म्हणून ती भरायची नसतात. न उघडता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळी, म्हणून आम्ही तिथे हे लिहिलं: «खिडकीच्या उजेडात मोबाइलने पोर्ट्रेट काढताना चेहरा काळा का येतो, आणि फ्लॅश न लावता तो कसा उजळायचा, ते यात करून दाखवलंय. लागतं ते एक खिडकी आणि एक पांढरा पुठ्ठा.» बाकीचे शब्द जिथे शोभतात तिथे गेले, म्हणजे चॅप्टरमध्ये:

```
00:00 खिडकीसमोर चेहरा काळा का येतो: बॅकलाइट
00:55 माणसाला कसं वळवायचं: साइड लाइट
02:10 पांढऱ्या पुठ्ठ्याचा रिफ्लेक्टर
03:30 फोटो पांढरा पडतो तेव्हा: एक्स्पोजर कमी करणे
04:40 ग्रिड लावून फ्रेमिंग: रूल ऑफ थर्ड्स
05:50 नाक मोठं दिसतं तेव्हा: मागे या, 2x लेन्स वापरा
```

चॅप्टर दिसायचे तर पहिली वेळ 00:00 हवी, किमान तीन टाइमस्टॅम्प चढत्या क्रमाने हवेत आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांहून लहान नको. भाचीने आधी पहिली ओळ 00:05 पासून सुरू केली होती, तर चॅप्टर उमटलेच नाहीत आणि तिला वाटलं मोबाइल बिघडला. या यादीत बोके नाही, कारण व्हिडिओत त्यावर एक वाक्यही नाही. तो विषय तिला वेगळ्या व्हिडिओत घेऊ दे, तिथे तो शब्द मानाने येईल.

लोक काय टाइप करतात हे कळतं कसं? सर्चच्या पट्टीत «फोटोत चेहरा» एवढंच लिहून थांबा आणि खाली काय सुचतं ते वाचा. खासगी विंडोत करा, नाहीतर तुमच्याच जुन्या शोधांची छाया पडते. व्हिडिओ थोडा जुना झाला की यूट्यूब स्टुडिओत सर्चमधून आलेल्यांनी नेमके कोणते शब्द वापरले त्याची यादी मिळते. तिथे एखादा शब्द दिसला आणि त्यावरून आलेले लोक लगेच निघून जात असतील, तर तो शब्द शीर्षकातून काढा, कितीही भारी वाटला तरी.

आता टॅग. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय, आणि ते मी नाखुशीनेच घेतेय. टॅगला शून्य किंमत नाही. त्याच मदत पानावर लिहिलंय की व्हिडिओच्या विषयाचं स्पेलिंग लोक नेहमी चुकत असतील तर टॅगचा उपयोग होऊ शकतो. एरवी व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा अगदी कमी. फोटोग्राफीत हे चुकणं पुष्कळ आहे, कारण सगळे शब्द ऐकीव. त्यात आपले लोक मराठी रोमन लिपीत टाइप करतात, आणि तिथे जितकी बोटं तितकी स्पेलिंग. तेव्हा टॅगचा रकाना चुकांसाठी ठेवा. ५०० अक्षरं भरण्याचा आग्रह मात्र खुळा आहे.

हॅशटॅगबद्दल एवढंच: साठच्या वर गेले की यूट्यूब त्या व्हिडिओवरचे सगळेच हॅशटॅग दुर्लक्षित करतं, आणि शीर्षकापाशी दिसतात फार तर तीन. भाचीचे ७४ होते. म्हणजे «जितके जास्त» करता करता तिच्याकडे शून्य उरले होते. आता दोन आहेत.

फाइलच्या नावावर वेळ घालवणार नाही. अपलोड करताना ते नाव शीर्षकाच्या रकान्यात आपोआप येतं आणि आपण ते पुसून खरं शीर्षक लिहितो. संपलं.

तिच्या टॅगच्या रकान्यात शेवटी हे राहिलं:

```
chehra kala yeto, cehra kala, khidki photo, baclight, back lite, portret mobile, exposer kami, reflecter
```

«मावशी, यात एकही शब्द बरोबर नाहीये,» ती म्हणाली. मी म्हटलं, त्यासाठीच तर तो रकाना आहे.